सुधारकाच्या घरातील लग्न, वैधव्य आणि पुनर्विवाह घरच्या कागदांवरून कसे ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत लग्नपत्रिका, श्राद्धतिथींची यादी, खर्चाच्या वह्या आणि वाटणीपत्रे अजून सापडतात. बरेच कागद मोडीत असतात, म्हणून आधी मोडी वाचणारा माणूस गाठा.

पहिले काम नावांचे. बाईचे माहेरचे, पहिल्या सासरचे आणि दुसऱ्या लग्नानंतरचे नाव एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. धोंडो केशव कर्वे यांनी ज्या विधवेशी लग्न केले, त्या माहेरच्या गोदूबाई जोशी, लग्नानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या. नुसते 'आनंदीबाई' शोधत बसलात तर त्यांचे आधीचे आयुष्य हाती लागणारच नाही.

मग तारखा. शकात 78 मिळवून इसवी सन काढायची सवय असते, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांना 79 मिळवावे लागतात. कर्व्यांचे हे लग्न 11 मार्च 1893 रोजी पुण्यात झाले. त्या वर्षीचा पाडवा अजून यायचा होता, म्हणजे शके 1814 च चालू होते. त्यात 78 मिळवले की 1892 येते. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेल्या. एका वर्षाच्या चुकीने दोन घटनांमधले अंतर केवढे आकसते बघा.

वैधव्याचे वर्ष काढणे अधिक किचकट. श्राद्धाच्या यादीत महिना, पक्ष आणि तिथी असते, साल नसते. अशा वेळी खर्चाची वही उघडा. 'वर्षश्राद्धास दक्षिणा' अशी नोंद मिळाली तर मृत्यू साधारण वर्षभर आधीचा. ती तिथी यादीतल्या तिथीशी जुळली की साल पक्के धरायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते मालमत्तेचे कागद. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने, दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क, ती जणू मरण पावली असे समजून संपत असे. म्हणून वाटणीपत्रात किंवा अन्नवस्त्राच्या हिशेबात बाईचे नाव एकाएकी थांबले, तर तिला लगेच मयत ठरवू नका. श्राद्धयादीत तिची तिथी आहे का पाहा. नसेल, तर पुनर्विवाहाची शक्यता धरून माहेरची पत्रे आणि दुसऱ्या घराची वंशावळ तपासा. पहिल्या सासरच्या वंशावळीत हे लग्न बहुधा नोंदलेले नसते. बहिष्कार पडलेल्या घरात उपाध्याय येत नसे, त्यामुळे त्याच्या वहीतही ते मिळेलच असे नाही.

सीमाभागात आणखी एक गोष्ट: ज्या जातींत पाट किंवा मोहतूर, म्हणजे रिवाजाने होणारे विधवेचे दुसरे लग्न, लावायची रीत होती, तिथल्या नोंदीला सुधारकी पुनर्विवाह समजू नका. तो रिवाज कायद्याच्या आधीपासूनचा आहे.

शेवटी प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या कागदातून आली ते लिहा. जी फक्त आजीच्या तोंडून आली, तिच्यापुढे 'सांगोवांगी' असे स्पष्ट नोंदवा.