गाडी सारखी का थांबत होती?

मुलाच्या हातात जोर कमी, त्यामुळे साध्या कंट्रोलरचा ट्रिगर त्याच्याने दाबवत नाही. म्हणून एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याच्या मागे 3.5 मिमीच्या जॅकची रांग असते, एकेक जॅक म्हणजे एकेक बटण. वेग देणाऱ्या ट्रिगरच्या जॅकमध्ये मोठा गोल स्विच लावला आणि शर्यतीचा गेम सुरू केला. दोनच मिनिटांत गाडी अडखळायला लागली. आधी मला वायर सैल वाटली. तीन वेळा काढून घातली!

मग स्क्रीन सोडून त्याच्या हाताकडे पाहिलं. स्विच दाबला जात होता, पण दाबून धरवत नव्हता. बोट थकलं की वेग शून्य. गेमच्या सेटिंगमध्ये आपोआप वेग धरण्याचा पर्याय होता, तो चालू केला. स्विच ब्रेकला दिला आणि वेल्क्रोने कोपराजवळ चिकटवला, कारण टेबलावर तो सरकत होता. वळणं मी दुसऱ्या कंट्रोलरवर घेतो; कोपायलट सोयीमुळे दोन्ही मिळून एकच खेळाडू होतो.

गेम बनवणाऱ्यांनो, ‘दाबून धरा’ असेल तिथे ‘एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद’ हाही पर्याय द्या. तो नसेल, तर स्विच कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.