कंपनीने मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवली असतील तर

बंधपत्राची मुदत संपण्याआधी नोकरी सोडल्यास कंपनीला नुकसानभरपाई मागता येते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेची २ लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली. मात्र ही रक्कम वसूल करण्यासाठी पदवी अडवून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. शैक्षणिक प्रमाणपत्र ही विकाऊ वस्तू नसल्याने त्यावर तारणासारखा ताबा ठेवता येत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे.

म्हणून राजीनाम्याआधीच, शक्यतो ‘बँकेच्या कर्जासाठी मूळ कागद हवेत’ अशी खोटी सबब न सांगता, मनुष्यबळ विभागाला साधा ईमेल करावा: ‘रुजू होताना दिलेली दहावीची गुणपत्रिका (क्रमांकासह) व पदवी प्रमाणपत्र आपल्याकडे आहे, कधी न्यायला येऊ?’ ‘थकबाकी भरा, मग देऊ’ असे उत्तर आले, तरी ताब्याची लेखी कबुली हाती येते आणि बहुतेकदा पोचपावतीच नसल्याने तीच मोलाची ठरते. त्यानंतर १५ दिवसांची मुदत देणारी वकिलाची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि तरीही कागद न मिळाल्यास ते परत देण्याच्या आदेशासाठी दिवाणी न्यायालयात जावे.

‘हरवले’ असे खोटे प्रतिज्ञापत्र करून दुय्यम प्रत काढू नये. तो गुन्हा आपल्याच अंगलट येतो.