सोलर लावायच्या आधी एक सेल बोटाने झाकून बघा

घरावर सोलर बसवायचं ठरलं की सगळे आधी 'किती किलोवॅट' विचारतात. त्याआधी एक छोटा खेळ करा, म्हणजे पॅनल गच्चीवर नेमकं कुठे लावायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

१) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनल आणि कमी करंटवर फिरणारी छोटी मोटर आणा, वायरी जोडा आणि उन्हात धरा. मोटर फिरायला लागते, आणि बॅटरी तर कुठेच नाही. होतं काय, की पॅनलमधला प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, साध्या सेलमध्ये तिच्या वरच्या थरात किंचित फॉस्फरस आणि खालच्यात किंचित बोरॉन मिसळलेलं असतं, त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर एक कायमचा उतार तयार होतो असं समजा. उजेड पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि त्या उतारामुळे एकाच बाजूला जातो, वरच्या बारीक चंदेरी रेघा त्याला गोळा करतात, मग तो वायरीतून मोटर फिरवून मागच्या बाजूने परत सेलमध्ये येतो. हे काम उजेडाचं आहे, उष्णतेचं नाही, उलट पॅनल तापलं की वीज कमीच मिळते.

२) आता सेल मोजा. एका सेलचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपासच, सेल मोठा केला तर करंट वाढतो, व्होल्टेज नाही. म्हणून ६ व्होल्टसाठी साधारण १२ सेल एकामागून एक जोडलेले असतात.

३) त्यातला एकच सेल बोटाने पूर्ण झाका. मोटर एकदम मंदावते नाहीतर थांबतेच! बाराव्या भागाने कमी व्हायला हवी होती ना? पण एकाच माळेत सगळ्यांमधून तोच करंट जातो, एक अडला की सगळे अडले. गच्चीवरच्या मोठ्या पॅनलमध्ये यासाठी बहुतेक वेळा तीन बायपास डायोड असतात, ते सावलीतला सेलचा गट वगळून करंट पुढे नेतात, पण त्या गटाची वीज गेली ती गेलीच.

४) म्हणून गच्चीवर सावली बघा, आणि ती मे महिन्यात नको, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. पुण्यात २१ डिसेंबरला सकाळी ९ वाजता दीड मीटर उंच टाकीची सावली जवळपास साडेतीन मीटर लांब पडते, वायव्येकडे, आणि भर दुपारी तीच दीड मीटरच्याही आत येते. डिसेंबरात ९, १२ आणि ३ वाजता खडूने सावलीच्या कडा आखा, डिसेंबर लांब असेल तर सूर्याचा मार्ग दाखवणारं मोबाइल अॅप वापरा. पॅनल त्या रेघांच्या बाहेर ठेवायला सांगा, आणि जागाच नसेल तर टाकी हलवायचा खर्च आधी विचारा, नाहीतर प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर, म्हणजे मायक्रोइन्व्हर्टर, लावून मिळेल का ते, म्हणजे एका पॅनलवरची सावली बाकीच्यांना अडवणार नाही. आणि हो, हे बोटाचे प्रयोग छोट्या पॅनलवरच करा, मोठ्या पॅनलच्या वायरी उन्हात कायम चालू असतात, त्यांना हात लावू नका.