पासवर्ड बरोबर आहे तरी लॉगिन होत नाही? आधी हे बघा

परवा डोंबिवलीहून मावशीचा फोन, किराणाच्या अ‍ॅपमध्ये ईमेल-पासवर्ड टाकतेय तर सारखं चुकीचा पासवर्ड येतंय, आणि रिसेटची मेलपण येत नाहीये, स्पॅममध्येही नाही. मी विचारलं, पहिल्यांदा अकाउंट कसं उघडलं होतंस? तर म्हणाली, ते गूगलचं बटण दाबलं होतं बहुतेक.

मग तिथेच अडलंय ना! गूगलने साइन-इन केलं की गूगल त्या अ‍ॅपला तुमचं नाव, ईमेल, फोटो देतं आणि कळवतं की हे अकाउंट याच व्यक्तीचं आहे, पण पासवर्ड देत नाही, म्हणजे अ‍ॅपमधल्या त्या अकाउंटला सहसा पासवर्डच नसतो आणि तुम्ही जीमेलचा टाकलात तरी जुळणार कशाशी? (आणि तो दुसरीकडे टाकूच नका प्लीज.)

खात्री करायची तर myaccount.google.com/connections उघडा, यादीत अ‍ॅपचं नाव दिसलं की समजा बहुतेक हेच कारण. मग `Continue with Google` दाबून तोच जीमेल निवडा, मावशीचे दोन होते, जुना निवडल्यावर सगळ्या ऑर्डरी दिसल्या. आत गेल्यावर सेटिंग्जमध्ये पासवर्ड सेट करायचा पर्याय असेल तर करून ठेवा, सगळीकडे नसतो. घाईत नवीन अकाउंट मात्र उघडू नका, जुन्या ऑर्डरी त्यात येणार नाहीत.