साखरपुड्यातलं मित्राचं भाषण: ग्रुपमधल्या गमती सगळ्यांना कळतील आणि कोणी ओशाळणार नाही, अशी दुरुस्ती कशी करावी

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले गेले आणि जेवणाची पानं मांडायच्या आधी कोणीतरी माइक हातात देतं: "तू त्याचा जवळचा मित्र, दोन शब्द बोल." हल्ली हे आधीच ठरलेलं असतं आणि भाषण मोबाइलमध्ये लिहून तयार असतं. पहिला खर्डा आपण नकळत ग्रुपसाठी लिहितो. हॉलमध्ये मात्र ग्रुपची सात-आठ माणसं असतात. बाकी सगळे दोन्हीकडचे काका-मामा, आत्या, शेजारी आणि मुलाला पहिल्यांदाच नीट पाहणारी मुलीकडची मंडळी. त्यांच्यासाठी तोच खर्डा कसा दुरुस्त करायचा, ते एका उदाहरणावरून बघू.

नवरा मुलगा आसनगावचा, कॉलेज ठाण्यात. मित्र त्याला "कसारा" म्हणतात. मुलीकडचे सांगलीचे. खर्ड्यातला उतारा असा:

"आमचा कसारा अखेर लग्नाला तयार झाला! त्या रात्री गाडी कोणामुळे चुकली, ते मी सांगणार नाही. वहिनी, आता तुम्हीच सांभाळा याला!"

आधी कागदावर घ्या आणि खुणा करा

मोबाइलवर दुरुस्ती करत बसू नका. खर्डा कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा आणि जिथे हशा अपेक्षित आहे, त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. मग प्रत्येक रेघेपाशी समासात दोन गोष्टी लिहा: हसू कोणावर येतंय आणि ज्याला काहीच माहीत नाही, तो यातून काय समजेल.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वरच्या उताऱ्यात ग्रुपला परीक्षेच्या आदल्या रात्री हरवलेल्या हॉल तिकिटाचा किस्सा आठवेल. सांगलीच्या मावशींना मात्र "त्या रात्री" आणि "कोणामुळे" एवढंच ऐकू जाईल आणि त्या मनातल्या मनात एखादी मुलगी उभी करतील. प्रत्यक्षात तसं काही घडलेलं नाही, पण अर्धवट सांगितलं की ऐकणारा उरलेलं स्वतःच भरतो. "ते मी सांगणार नाही" हे वाक्य तर साखरपुड्यात कधीच बोलू नये. त्याने निव्वळ संशय पेरला जातो, आणि तो पुसायला तुम्ही त्यांच्या घरी जाणार नसता.

काढून टाकायचं ते आधी काढा

समजावून सांगितलं तरी चालणार नाहीत असे काही विषय असतात. आधीचं प्रेमप्रकरण, नकार आलेली किंवा दिलेली स्थळं, वजन-रंग-टक्कल, पगार, राहिलेले विषय, दारू, घरातले वाद. मित्र स्वतः यावर हसत असला तरी त्याच्या आईला त्या क्षणी चेहरा कुठे लपवावा कळत नाही. ही वाक्यं सौम्य करायच्या भानगडीत पडू नका, सरळ खोडा.

"अखेर लग्नाला तयार झाला" हेही खोडायचं. निरुपद्रवी वाटतं, पण त्यातून मुलाला लग्न नको होतं असा अर्थ निघतो आणि तो मुलीच्या वडिलांसमोर निघतो. "तुम्हीच सांभाळा याला" ऐकायची तर सगळ्यांना सवय आहे, म्हणून त्यात काही उरलेलं नाही.

उलगडा आधी, विनोद नंतर

इथेच सगळ्यात जास्त चुकतं. लोक आधी टोपणनाव घेतात, ग्रुप हसतो, बाकीचा हॉल एकमेकांकडे बघतो आणि मग वक्ता म्हणतो, "म्हणजे काय झालं होतं की..." तोवर वेळ निघून गेलेली असते. ऐकणाऱ्याला लागणारी माहिती आधी द्या, म्हणजे नाव उच्चारताच सगळे एकदम हसतील. आपला उतारा आता असा होतो:

"आसनगावचं घर ठाण्यापासून लांब. रात्रीची शेवटची कसारा लोकल चुकली, की पहाटेपर्यंत घरी जाता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री माझं हॉल तिकीट हरवलं. हा शोधायला थांबला. तिकीट माझ्याच पुस्तकात सापडलं, पण याची गाडी गेली. तेव्हापासून आम्ही याला कसारा म्हणतो. वहिनी, हा कधी घरी उशिरा पोचला, तर आधी विचारा, आज कोणाचं काय हरवलंय!"

सांगलीच्या माणसाला लोकलचं वेळापत्रक माहीत नसतं, म्हणून ते एका वाक्यात आलं. हसू आता हॉल तिकीट हरवणाऱ्यावर, म्हणजे बोलणाऱ्यावरच येतं. मुलाबद्दल काय कळलं? तो मित्रासाठी थांबतो. कौतुकाचा एकही शब्द न वापरता ते पोचलं, आणि मुलीकडच्यांना नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं. टोपणनाव त्याच्या कुठल्या गुणातून आलं ते शोधा. असा गुण सापडत नसेल, तर ते नाव ग्रुपमध्येच राहू द्या.

हॉल तिकीट तिसऱ्याच मित्राचं असतं, तर त्याला आधी फोन करून विचारायचं. तो नको म्हणाला, तर "आमच्यातल्या एकाचं" एवढंच म्हणा आणि बोलताना त्याच्याकडे बघू नका. आपण नाव लपवतो आणि नजर ते सांगून टाकते.

उलगड्याला पाच-सहा छोट्या वाक्यांपेक्षा जास्त लागत असतील, तर ती गंमत या भाषणासाठी नाही. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण 110-120 शब्द होतात. तीन मिनिटांच्या भाषणात असे दोन किस्से नीट बसतात, तिसरा घातला की तिन्ही घाईत जातात.

दोन माणसांना दाखवा

एक मित्र स्वतः. सगळं भाषण ऐकवून मजा घालवू नका, फक्त विषय सांगा: "कसाऱ्याचा किस्सा घेतोय, चालेल ना?" तो क्षणभर जरी अडखळला, तरी तो किस्सा काढा, कारण विचारत बसू नका. होणाऱ्या वहिनींचा उल्लेख असेल, तर त्यांनाही त्याच्यामार्फत विचारून घ्या.

दुसरं माणूस ग्रुपला अजिबात न ओळखणारं हवं. आपली आई किंवा काकू उत्तम. वाचून दाखवा, पण "कसं वाटलं?" विचारू नका, त्यावर "छान" हेच उत्तर मिळतं. "त्याला कसारा का म्हणतात, सांग बरं?" असं विचारा. तिला सांगता आलं, तर हॉललाही कळेल. ती "कोण मुलगी होती?" म्हणाली, तर कुठलं वाक्य तसं सुचवतंय ते तिलाच विचारा आणि तेच बदला.

कार्यक्रमाच्या दिवशी

कागदावर दोन्ही किश्शांभोवती चौकट आखून ठेवा, म्हणजे एखादा वगळला तरी पुढचं वाक्य सलग वाचता येईल. वगळायची वेळ येते ती अशी: मुलीच्या आजोबांची तब्येत बिघडल्याचं तासाभरापूर्वीच कळलंय, किंवा मुलाचे ऑफिसचे साहेब अचानक आलेत आणि किस्सा उशिरा पोचण्याचा आहे. भाषणाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि त्यात अनेकदा मधलेच अर्धे मिनिट असतं. म्हणून चौकटीतला मजकूर एकदा सुटा वाचून बघा. मागचं-पुढचं न ऐकता तो कोणाला लागेल असं वाटलं, तर तो उतारा अजून तयार झालेला नाही.