गँट चार्टच्या PNG मधला बार तारखांसकट कसा सरकवला

प्लास्टरचं काम 2 आठवडे पुढे गेलं, पण शेड्यूलची मूळ फाइल कोणाकडेच नव्हती, नुसती PNG होती, मग गिम्पमध्येच बसलो.

आधी स्केल काढलं. 1 जूनची उभी रेघ 412 पिक्सेलवर आणि 29 जूनची 860 वर, म्हणजे 28 दिवसांना 448, दिवसाला 16 पिक्सेल. 14 दिवस म्हणजे 224. बार 524 ला सुरू होत होता तो 748 ला न्यायचा. पूर्ण आठवड्यांनी सरकवलं की शनिवार-रविवार जागच्या जागी पडतात आणि बारची लांबी बदलत नाही, 10 दिवसांनी सरकवलं असतं तर ती पण बदलावी लागली असती.

बार आणि लेबलं कॉपी करून वेगळ्या लेयरवर घेतली. आता खालचा जुना बार पांढऱ्या रंगाने पुसायचा नाही, रेघा आणि सुट्ट्यांचे राखाडी पट्टे तुटतात, लगेच कळतं. त्यापेक्षा त्याच रंगाच्या रिकाम्या ओळीतून, त्याच आडव्या जागेतला तुकडा उचलून सरळ खाली आणून ठेवला, सगळं जुळलं. मग 748 वर गाइड टाकून बार त्याला चिकटवला.

लेबलं `8 Jun` आणि `19 Jun` होती, ती `22 Jun` आणि `3 Jul` करायची. नवीन टाइप केलं की अक्षरांच्या कडा वेगळ्या दिसतात, म्हणून आकडे आणि `Jul` त्याच चार्टमधल्या दुसऱ्या लेबलांतून उचलले. शेवटी पुढच्या कामाकडे जाणारा बाण बघा, पेंटिंग 22 जूनलाच सुरू होत होतं, त्यामुळे तो बारही तेवढाच सरकवावा लागला.