लघवीचा रंग बघून पाणी किती कमी पडलंय ते ओळखा

शरीरात पाणी पुरेसं आहे का, हे तपासायला खेळाडूंसाठी आठ रंगांचा तक्ता वापरतात. घरी त्यातल्या तीन पायऱ्या पुरतात. लिंबू सरबतासारखी फिकट पिवळी म्हणजे ठीक. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. मधासारखी किंवा त्याहून गडद म्हणजे बरंच कमी पडलंय. अगदी पाण्यासारखी बिनरंगी दिवसभर राहिली, तर बहुधा तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय.

सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून ठरवू नका. कमोडच्या पाण्यात रंग फिका दिसतो, म्हणून शंका असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात, उजेडात बघा.

समजा, मे महिन्यात दुपारी शेतातून आलात आणि रंग मधासारखा दिसला. तासाभरात थोडं थोडं करून दोन-तीन ग्लास पाणी किंवा मीठ घातलेलं ताक प्या. पुढच्या एक-दोन वेळेला रंग उतरायला हवा. नाही उतरला, तर कारण वेगळं असू शकतं. डोळे पिवळे आणि शौच पांढुरकी असेल तर कावीळ. अति कष्टानंतर अंग ठणकून लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंना इजा झालेली असू शकते, मूत्रपिंडाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने झळझळीत पिवळी, टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. तिथे घाबरायचं कारण नाही, गोळ्याही बंद करू नका. बीट खाल्लेलं नसताना लाल दिसली, तर दुखत नसलं तरी तपासणी करून घ्या.